विश्लेषण : परदेशी नंबरवरून एकच रिंग येते, उलट फोन केला की पैसे का जातात?

रात्री अडीचला मोबाइल एकदाच वाजतो आणि थांबतो. सकाळी उठून पाहावे तर मिस्ड कॉलच्या यादीत एक अनोळखी नंबर, सुरुवात +253. नाशिकचा एसटीडी कोड 0253 वर्षानुवर्षे पाठ असलेल्या माणसाला पहिल्यांदा नाशिकच आठवते. रात्री अडीचला फोन आला म्हणजे कुणाचे काही बरेवाईट झाले की काय, या काळजीने बोट त्या नंबरवर जाते. पण अधिकचे चिन्ह आणि त्याला लागून 253 हा नाशिकचा नव्हे, तर आफ्रिकेच्या पूर्व टोकावरच्या जिबुती या छोट्या देशाचा कोड आहे. उलट फोन लागला, तर तो आंतरराष्ट्रीय कॉल ठरतो आणि त्याचे पैसे फोन करणाऱ्याच्या खात्यातून जातात. एका रिंगमध्ये दडलेली ही युक्ती चालते कशी आणि पैसे कुणाला मिळतात, हे पाहू.

हा प्रकार काय आहे?

दूरसंचार क्षेत्रात याला ‘वांगिरी’ म्हणतात. शब्द जपानी आहे. इंग्रजी ‘वन’चा जपानी उच्चार ‘वान’ आणि ‘किरी’ म्हणजे कापणे. एक रिंग देऊन फोन कापणे, असा त्याचा अर्थ. जपानमध्ये या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकार इतका बोकाळला, की २००२ मध्ये ओसाका परिसरातील टेलिफोन यंत्रणा अशा कॉलच्या भडिमाराने कोलमडली आणि त्याच वर्षी तिथे कायद्यात दुरुस्ती करून त्याला गुन्हा ठरवावे लागले. पुढे हीच युक्ती आंतरराष्ट्रीय नंबरांवर आली आणि जगभर पसरली.

आपल्याकडेही ती नवी नाही. २०१८ मध्ये केरळ पोलिसांनी +591, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाच्या कोडवरून येणाऱ्या मिस्ड कॉलला उत्तर देऊ नका, असा इशारा दिला होता. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने +222 या मॉरिटानियाच्या कोडवरून मध्यरात्री येणाऱ्या अशाच कॉलबद्दल नागरिकांना सावध केले. कोड बदलत राहतात, पद्धत तीच राहते.

मिस्ड कॉल देणाऱ्याला खर्च का येत नाही?

याचे उत्तर आपल्याला इतर कुणापेक्षा चांगले माहीत आहे. ‘पोहोचलो की मिस्ड कॉल देतो’, ‘खाली आलो की मिस्ड कॉल दे’ हा व्यवहार आपण वर्षानुवर्षे केला तो एकाच आधारावर: समोरच्याने फोन उचलला नाही, तर बिल होत नाही. टेलिफोनच्या जाळ्यात पैशाचा मीटर नंबर फिरवल्यावर किंवा रिंग वाजल्यावर सुरू होत नाही. पलीकडच्या टोकाकडून ‘फोन उचलला’ असा संकेत आला, की सुरू होतो.

भामटे नेमका याच नियमाचा फायदा घेतात. संगणकावरील एक प्रोग्राम एकामागून एक हजारो नंबर फिरवतो, एक रिंग वाजली की तोडतो आणि पुढच्या नंबरकडे वळतो. एकही कॉल उचलला न गेल्याने खर्च जवळपास शून्य. तुमचा नंबर त्यांना कुठून मिळाला, हा प्रश्नही बहुतेक वेळा गैरलागू असतो. एका मालिकेतले सगळे नंबर क्रमाने फिरवायचे, तर यादी लागतच नाही. रिंग एकच का, याचेही कारण इथेच आहे. दोन-तीन रिंग दिल्या तर कुणीतरी फोन उचलेल आणि मग कॉलचे पैसे त्यांनाच भरावे लागतील.

म्हणजे पहिल्या टप्प्यात तुमचे काहीच जात नाही. मिस्ड कॉल येण्याने पैसे कापले जात नाहीत. भारतात असताना चुकून तो उचलला तरीही नाही, कारण इथे येणारा कॉल मोफत असतो. पैसे जातात ते दुसऱ्या टप्प्यात, कॉल तुम्ही केल्यावर.

मग पैसे मिळतात कुणाला?

इथे टेलिफोन व्यवसायातली एक पूर्णपणे कायदेशीर व्यवस्था समजून घ्यावी लागते. तुम्ही दुसऱ्या देशात फोन करता, तेव्हा तुमची कंपनी तो कॉल एकटी पोहोचवत नाही. ती तो आंतरराष्ट्रीय वाहक कंपनीला देते, ती पुढच्या कंपनीला देते आणि शेवटी ज्या कंपनीचा नंबर तुम्ही फिरवला आहे तिच्यापर्यंत तो जातो. या साखळीत प्रत्येक जण पुढच्याला मिनिटागणिक पैसे देतो. शेवटच्या कंपनीला मिळणाऱ्या पैशाला टर्मिनेशन चार्ज, म्हणजे कॉल पोहोचवण्याचे शुल्क म्हणतात. परदेशातून भारतात येणाऱ्या कॉलवर आपल्या कंपन्याही ते घेतात. ‘ट्राय’ने मे २०२० पासून त्यासाठी मिनिटाला ३५ ते ६५ पैसे अशी मर्यादा घातली आहे.

भारतात हे शुल्क पैशांत मोजले जाते, पण सगळीकडे तसे नाही. काही छोट्या देशांत आणि बेटांवर ते कितीतरी जास्त आहे. त्यातच काही नंबर ‘प्रीमियम’ म्हणून ठेवलेले असतात. त्यांवर आलेल्या प्रत्येक मिनिटाच्या कमाईत नंबर वापरणाऱ्याला वाटा मिळतो. मुळात ही सोय ज्योतिष, गप्पा, स्पर्धा अशा फोनवरून पैसे घेऊन चालणाऱ्या सेवांसाठी होती. आज या नंबरांचे दलाल आहेत. ते कंपन्यांकडून नंबरांच्या मालिका घेतात आणि ‘या देशाच्या नंबरवर मिनिटाला इतके देऊ’ अशा दरपत्रकासह पुढे भाड्याने देतात.

भामटा असा एक नंबर घेतो आणि तोच नंबर मिस्ड कॉलमध्ये तुमच्या पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था करतो. कॉल प्रत्यक्षात कुठूनही येत असतो. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये कोणता नंबर दाखवायचा, हे कॉल करणाऱ्याला ठरवता येते. तुम्ही उलट फोन केला की तो त्याच्या कमाईच्या नंबरवर जातो.

म्हणून या फसवणुकीत ओटीपी लागत नाही, लिंक लागत नाही, कुणाला काही बोलावेही लागत नाही. तुमच्या कंपनीच्या नोंदीत हा एक साधा, तुम्ही स्वतःहून केलेला आयएसडी कॉल असतो.

हिशेब कसा बसतो?

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. समजा, भामट्याने एका रात्रीत एक लाख लोकांना मिस्ड कॉल दिले. त्यातल्या ९९ टक्के लोकांनी दुर्लक्ष केले आणि शंभरात एकानेच उलट फोन केला. म्हणजे एक हजार जण. प्रत्येक जण सरासरी दोन मिनिटे फोनवर राहिला. एकूण दोन हजार मिनिटे झाली. ग्राहकाला दर मिनिटाला ६० रुपये लागला असेल, तर लोकांच्या खिशातून एक लाख २० हजार रुपये गेले.

हे सगळे भामट्याला मिळत नाहीत. त्यातून ग्राहकाची कंपनी, मधले वाहक, नंबरची मालक कंपनी आणि दलाल आपापला वाटा घेतात. भामट्याच्या हाती मिनिटाला दहाच रुपये पडले, असे धरले तरी २० हजार रुपये होतात. खर्च मात्र एक संगणक, इंटरनेट जोडणी आणि भाड्याचे नंबर एवढाच. शंभरातले ९९ जण शहाणे निघाले तरी धंदा चालतो, तो असा. आणि प्रत्येकाचे नुकसान शंभर-दोनशे रुपयांचे असल्याने तक्रार करायला फारसे कुणी जात नाही.

या हिशेबात सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे तो दोन मिनिटांचा. उलट फोन करणाऱ्याने पाच सेकंदांत फोन ठेवला, तर कमाई फारशी होत नाही. त्यामुळे त्याला फोनवर थांबवून ठेवणे हा या युक्तीचा गाभा आहे.

रिंग वाजत असेल तर मीटर बंद असतो ना?

बहुतेक लोक इथेच फसतात. उलट फोन केल्यावर पलीकडे रिंग वाजताना ऐकू येते. ‘अजून उचललेला नाही, म्हणजे पैसे लागत नाहीत’ असे समजून माणूस निवांत थांबतो. पण फोन उचलल्याचा संकेत पलीकडच्या टोकाकडून येतो, हे वर पाहिले. पलीकडे माणूस नसून यंत्र आहे. ते कॉल तत्काळ उचलते आणि नंतर तुम्हाला रिंगचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवते. तुमच्या कानाला रिंग ऐकू येत असते आणि मीटर धावत असतो.

कधी रिंगऐवजी ‘कृपया प्रतीक्षा करा’ अशी इंग्रजी सूचना आणि संगीत असते. कधी खरखर आणि मधूनच एखादा अस्पष्ट आवाज, म्हणजे तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करत आणखी मिनिटभर थांबाल. बहुतेक आयएसडी दर मिनिटाच्या हिशेबाने असतात. अशा दरात दोन मिनिटे दहा सेकंदांच्या कॉलचे तीन मिनिटांचे पैसे लागतात. वरच्या उदाहरणातील ६० रुपयांच्या दराने ते १८० रुपये झाले, तेही एक शब्द न बोलता.

हे ओळखण्याची एक खूण मात्र तुमच्याच पडद्यावर असते. फोन खरोखर वाजत असेल, तोवर नावाखाली ‘कॉलिंग’ किंवा ‘रिंगिंग’ असे दिसते. उचलला गेला की तिथे 00:01, 00:02 असे घड्याळ सुरू होते. कानाला रिंग ऐकू येते आहे आणि पडद्यावर घड्याळ चालू आहे, असे दिसले तर क्षणभरही न थांबता फोन ठेवावा.

तो फोन खरेच त्या देशात जातो का?

प्रत्येक वेळी नाही. कॉल अनेक वाहकांच्या हातून जातो, हे आपण पाहिले. त्यातला एखादा वाहक सामील असेल, तर तो कॉल नंबरच्या देशापर्यंत जाऊच देत नाही. तो वाटेतच दुसऱ्या कुठल्या तरी देशातील यंत्राकडे वळवतो आणि पैसे मात्र लांबच्या, महागड्या देशाच्या दराने आकारतो.

याचे गाजलेले जुने उदाहरण १९९७ चे आहे. अमेरिकेत काही संकेतस्थळांवर चित्रे पाहण्यासाठी एक ‘मोफत’ प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगितले जाई. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चाले. हा प्रोग्राम गुपचूप संगणकाची स्थानिक जोडणी तोडून पूर्व युरोपातील मोल्दोव्हाचा नंबर फिरवी. बिल मिनिटाला दोन डॉलरहून अधिक दराने, मोल्दोव्हाच्या नावाने येई. कॉल प्रत्यक्षात कॅनडाच्या पुढे गेलेलेच नव्हते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हे प्रकरण बाहेर काढले आणि सुमारे ३८ हजार ग्राहकांना मिळून २७ लाख डॉलरहून अधिक रक्कम परत मिळाली.

त्यामुळे पडद्यावर जिबुती किंवा बोलिव्हिया दिसले, म्हणून भामटा तिथला असतोच असे नाही. अनेकदा त्या देशाच्या फक्त कोडचा वापर झालेला असतो आणि तिथल्या कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

नाशिक की जिबुती, हे कसे ओळखावे?

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एका योगायोगाकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवे. आपले कितीतरी एसटीडी कोड आणि आफ्रिकी देशांचे कोड सारखे आहेत. नाशिक 0253 आणि जिबुती +253 हे झालेच. कोल्हापूर 0231, तर लायबेरिया +231. सांगली 0233, तर घाना +233. जळगाव 0257, तर बुरुंडी +257. अहिल्यानगर 0241, तर गॅबन +241. कल्याण-डोंबिवली 0251, तर इथिओपिया +251. छत्रपती संभाजीनगर 0240, तर विषुववृत्तीय गिनी +240. आणि मॉरिटानियाचा +222 घाईत पाहिला तर मुंबईच्या लँडलाइनसारखा भासतो.

फरक ओळखायला हे सगळे कोड पाठ करायची गरज नाही. अधिकच्या चिन्हानंतर लगेच 91 आहे का, एवढेच पाहावे. नाशिकच्या लँडलाइनवरून आलेला फोन +91 253 असा किंवा 0253 असा दिसेल. अधिकच्या चिन्हाला थेट 253 चिकटले असेल, तर तो नाशिकचा नाही. काही फोन ओळीखाली देशाचे नावही दाखवतात. तेही वाचावे.

दुसरा गोंधळ +1 चा आहे. मुलगा-मुलगी अमेरिकेत असलेल्या आईवडिलांना +1 म्हणजे अमेरिका हे पक्के माहीत असते. पण हा कोड अमेरिका आणि कॅनडापुरता नाही. कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटे तोच वापरतात आणि देश कळतो तो पुढच्या तीन आकड्यांवरून. +1 876 म्हणजे जमैका, +1 473 म्हणजे ग्रेनाडा, +1 809 म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताक, +1 649 म्हणजे टर्क्स आणि कैकोस बेटे. नंबर दिसायला हुबेहूब न्यू जर्सीतल्या नंबरासारखाच, दहा आकडी. खुद्द अमेरिकी ग्राहकही यामुळे फसतात, कारण त्यांना तो दुसऱ्या राज्यातला साधा नंबर वाटतो. अमेरिका-कॅनडासाठी घेतलेला आयएसडी पॅक या बेटांना लागू असेलच, असेही नाही.

आखातात किंवा युरोप-अमेरिकेत घरचे कुणी असेल, तर परदेशी नंबर दिसल्यावर जीव वरखाली होणारच. अशा वेळी त्या अनोळखी नंबरावर नव्हे, तर आपल्याकडे आधीपासून जतन असलेल्या त्यांच्या नंबरावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारावे. ज्याला खरोखर तुमच्याशी बोलायचे आहे, तो एक रिंग देऊन थांबत नाही. तो पुन्हा फोन करतो किंवा संदेश पाठवतो.

जास्तीत जास्त किती पैसे जाऊ शकतात?

ते तुमची जोडणी कोणती आहे, यावर ठरते. आज बहुतेक प्रीपेड ग्राहक ‘अनलिमिटेड’ पॅक वापरतात. पण त्यातली अमर्याद बोलण्याची सोय देशातल्या कॉलपुरती असते. आयएसडी कॉलचे पैसे मुख्य बॅलन्समधून जातात. अनेकांच्या मुख्य बॅलन्समध्ये शून्य किंवा दोन-चार रुपयेच असतात. त्यांचा उलट फोन लागतच नाही. ज्यांच्या मुख्य बॅलन्समध्ये दोनशे रुपये आहेत, त्यांचे फार तर दोनशे जातात. प्रीपेडमध्ये नुकसानीला ही नैसर्गिक मर्यादा आहे.

पोस्टपेडमध्ये, ऑफिसच्या जोडणीवर आणि परदेशी रोमिंगवर असताना ही मर्यादा नसते. आयएसडी सुरू असेल आणि फोन पाच-दहा मिनिटे चालू राहिला, तर ते बिल आल्यावरच कळते. रोमिंगवर असताना तर येणारा कॉल उचलण्याचेही पैसे पडू शकतात. दुकान, दवाखाना किंवा सोसायटीच्या ऑफिसातील फोनवरून कुणी ‘आलेल्या प्रत्येक मिस्ड कॉलला उलट फोन करा’ असे कर्मचाऱ्याला सांगून ठेवलेले असते. तिथे धोका जास्त.

‘तीन सेकंदांत बँकेची माहिती चोरतात’ हे खरे का?

नाही. या विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुना संदेश फिरत असतो. काही देशांच्या कोडची यादी देऊन त्यात म्हटलेले असते, की उलट फोन केलात तर तीन सेकंदांत तुमचे सगळे संपर्क आणि बँकेची माहिती ‘कॉपी’ होते, आणि #90 किंवा #09 दाबले तर सिम त्यांच्या ताब्यात जाते. साध्या कॉलमधून फक्त आवाज जातो. फोनमधले संपर्क किंवा बँकेचे तपशील त्यातून उचलता येत नाहीत. त्या संदेशातला पैसे जाण्याचा भाग तेवढा खरा आहे, बाकी भीती आहे.

ही भीती निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे घाबरलेला माणूस सिम बदलायला किंवा बँकेचे खाते गोठवायला धावतो, आणि जे करायला हवे ते, म्हणजे बॅलन्स तपासणे, राहून जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे परदेशी मिस्ड कॉल हाही वेगळा प्रकार आहे. २०२३ मध्ये इथिओपिया, इंडोनेशिया, केनिया, व्हिएतनाम अशा देशांच्या नंबरांवरून भारतात असे कॉल मोठ्या प्रमाणावर आले. व्हॉट्सअ‍ॅपवर मिनिटाचे पैसे लागत नसल्याने तिथे वांगिरीची कमाई होत नाही. तिथला हेतू तुम्हाला बोलण्यात गुंतवून नोकरीचे किंवा गुंतवणुकीचे आमिष दाखवण्याचा असतो. उत्तर न देणे हाच दोन्हींवर उपाय असला, तरी नुकसानीचे स्वरूप निराळे आहे.

उलट फोन करून बसलो असू, तर?

आधी फोन ठेवावा आणि कॉलच्या नोंदीत तो किती मिनिटे चालला ते पाहावे. फोन लागलाच नसेल, म्हणजे घड्याळ सुरू झाले नसेल, तर पैसे गेलेले नाहीत. घड्याळ सुरू झाले असेल तर कंपनीच्या अ‍ॅपवर मुख्य बॅलन्स किंवा चालू बिल तपासावे आणि त्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवावा. पुन्हा खात्री करायला म्हणून त्याच नंबरावर दुसरा फोन करू नये. नंबर ब्लॉक करावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. भामट्यांकडे नंबरांच्या मालिका असतात आणि पुढचा मिस्ड कॉल दुसऱ्या नंबरावरून येतो.

मग कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन करून तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक घ्यावा आणि परदेशी फोनची गरज नसेल तर जाणारे आयएसडी कॉल बंद करायला सांगावे. हा सर्वांत पक्का उपाय आहे. आयएसडी बंद असेल तर चुकून बोट लागले तरी कॉल जाणार नाही. येणारे परदेशी कॉल त्यामुळे बंद होत नाहीत, तेव्हा दुबईहून भावाचा फोन यायचा तो येईल. घरातल्या ज्येष्ठांच्या आणि ऑफिसच्या फोनवर हे आधीच करून ठेवणे चांगले.

पैसे परत मिळतील का, याची खात्री देता येत नाही. कॉल तुम्हीच केलेला असतो आणि तुमच्या कंपनीने पुढच्या वाहकाला पैसे देणे लागलेले असते. तरीही लवकर केलेली तक्रार उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय हिशेब काही आठवड्यांनी मिटवले जातात. एकाच संशयास्पद नंबरावर अचानक शेकडो कॉल गेल्याचे कंपनीच्या वेळीच लक्षात आले, तर ती पुढचे पैसे रोखू शकते आणि तो नंबर आपल्या जाळ्यात बंद करू शकते. नंबराची माहिती दूरसंचार विभागाच्या sancharsaathi.gov.in या संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत किंवा ‘संचार साथी’ अ‍ॅपवर देता येते. मोठी रक्कम गेली असेल तर 1930 ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन आहे.

यंत्रणा काय करत आहेत आणि काय करायला हवे?

ऑगस्ट २०१२ मध्येच ‘ट्राय’ने कंपन्यांना बजावले होते, की प्रीपेड ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय आयएसडी सुरू ठेवू नये आणि अनोळखी परदेशी मिस्ड कॉलबाबत ग्राहकांना एसएमएसने सावध करावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने परदेशातून येऊन +91 दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांतच असे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेल्याचे विभागाने सांगितले. त्यानंतर भामटे उघडपणे परदेशी कोड वापरू लागल्याने येणाऱ्या कॉलवर ‘इंटरनॅशनल कॉल’ असे दाखवण्यास कंपन्यांना सांगण्यात आले. अमेरिकेने एक पाऊल पुढे जाऊन २०२० मध्ये एक रिंग देणारे कॉल ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच अडवण्याची मुभा कंपन्यांना दिली.

यातले बहुतेक उपाय येणाऱ्या कॉलवर आहेत. पैसे मात्र जाणाऱ्या कॉलमध्ये जातात, आणि तिथे ग्राहकाला कुणीही काही सांगत नाही. रिक्षात बसताना मीटर दिसतो. पेट्रोल भरताना दर दिसतो. आयएसडी कॉलचा दर मात्र पैसे कापल्यावर कळतो. कोणता कोड कोणत्या देशाचा आणि त्याचा दर किती, हे कंपनीच्या संगणकाला नंबर फिरवताक्षणी माहीत असते. कॉल पुढे जोडण्याआधी ‘हा जिबुतीचा नंबर आहे, मिनिटाला इतके रुपये लागतील, बोलायचे असल्यास 1 दाबा’ अशी पाच सेकंदांची मराठी किंवा हिंदी सूचना ऐकवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वर्षभरात ज्याने एकही आयएसडी कॉल केलेला नाही, त्याच्या पहिल्या कॉलला तरी ती सक्तीची करावी. वांगिरीचा सारा धंदा ग्राहकाच्या अज्ञानात गेलेल्या दोन मिनिटांवर उभा आहे. दर आधी ऐकू आला, तर रात्री अडीचच्या त्या मिस्ड कॉलला उलट फोन करणारा नाशिककर पहिल्या पाच सेकंदांतच फोन ठेवेल.

ती सूचना येईपर्यंत अधिकच्या चिन्हापुढचे दोन आकडे आपल्यालाच वाचावे लागतील.